उशिरा पोहोचणारे लघुसंदेश

दूरध्वनीवरील संभाषण आणि लघुसंदेश ही दोन्ही एकाच यंत्रातून होत असल्यामुळे त्यांची जात एकच आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तसे नाही. संभाषणासाठी बोलणारा आणि ऐकणारा या दोघांमध्ये त्या घटकेला अखंड मार्ग जोडावा लागतो. तो जोडला गेला नाही तर संभाषण होतच नाही. लघुसंदेशाला असा मार्ग लागत नाही. त्याचे नाते जुन्या तारेशी अधिक जवळचे आहे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु ती चालू असताना ज्याप्रमाणे तार प्रथम तारघरात उतरवून घेतली जाई व मग शिपाई ती घेऊन घरी जाई, त्याचप्रमाणे लघुसंदेशही प्रथम एका ठिकाणी उतरवून घेतला जातो आणि तेथून पुढे नेला जातो. घराला कुलूप असेल तर शिपाई परत येई. लघुसंदेशाचेही नेमके असेच होते. तो उशिरा येतो याचा अर्थ, बहुतेक वेळा, तो कोठेतरी सुखरूप पडून होता असाच असतो.

संदेश ज्या ठिकाणी उतरवून घेतला जातो त्यास येथे संदेश-केंद्र म्हणू. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने इंग्लंडमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यावरून नाताळच्या शुभेच्छांचा पहिला लघुसंदेश धाडला, तेव्हापासून आजतागायत ही व्यवस्था मुळात बदललेली नाही. संदेश धाडणाऱ्याच्या फोनवर ‘पाठविला’ अशी खूण उमटते, तिचा अर्थ इतकाच की संदेश त्याच्या कंपनीच्या केंद्रात पोहोचला. घेणाऱ्याच्या हाती तो पडला किंवा नाही, याविषयी ती खूण काहीही सांगत नाही.

पुढील काम केंद्राचे असते. घेणारा कोठे आहे हे केंद्राला ठाऊक नसते. म्हणून ते घेणाऱ्याच्या कंपनीच्या मुख्य नोंदवहीला विचारते. प्रत्येक ग्राहक सध्या कोणत्या विनिमय-केंद्राच्या हद्दीत आहे हे या नोंदवहीत लिहिलेले असते. तेथून पत्ता मिळाला की संदेश त्या विनिमय-केंद्राकडे जातो, आणि विनिमय-केंद्र आपल्या मनोऱ्यांवरून त्या फोनला पुकारते. फोनने ‘आहे’ म्हटले म्हणजे संदेश दिला जातो व फोन पोच देतो. ही सारी घडामोड सामान्यतः काही सेकंदांत आटोपते. फोनकडून उत्तर आले नाही, तर मात्र मुख्य नोंदवहीत त्या ग्राहकाच्या नावापुढे ‘सापडत नाही’ अशी खूण केली जाते आणि तिच्यालगत एक यादी सुरू होते. ज्या ज्या संदेश-केंद्रांकडे या ग्राहकासाठी काही पडून आहे, त्यांचे पत्ते या यादीत लिहिले जातात. ग्राहक पुन्हा सापडला की या सर्वांना वर्दी द्यावयाची असते. संदेश एकदम लोंढ्याने येतात ते या यादीमुळे.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दिल्लीच्या दक्षिण भागात आय. एन. ए. बाजाराजवळ लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची वसाहत आहे. समजा, तेथे राहणारे एक गृहस्थ जवळच्याच एका कचेरीत काम करतात आणि कचेरीचा दप्तरखाना इमारतीच्या तळघरात आहे. त्यांच्याजवळ साधा, बटणांचा फोन आहे. सकाळी दहा वाजता ते जुनी कागदपत्रे काढण्यासाठी तळघरात उतरले. फोन चालू आहे, खिशात आहे; परंतु जाड भिंती व वरचे मजले यांमुळे मनोऱ्याच्या लहरी तेथवर पोहोचत नाहीत. दहा वाजून पन्नास मिनिटांनी ते वर आले. मधल्या काळात त्यांच्या नावे तीन संदेश निघाले. दहा वाजून दहा मिनिटांनी पत्नीचा, दहा पंचवीसला बँकेचा सांकेतिक अंक असलेला, आणि दहा चाळीसला नागपूरच्या धाकट्या भावाचा. हे तीन संदेश तीन निरनिराळ्या संदेश-केंद्रांत आहेत. गृहस्थ वर आल्यावर ते ताबडतोब मिळावेत अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात ते बारा वाजून पाच मिनिटांनी, तिन्ही बरोबरच, आले. दहा पन्नासपासून बारा पाचपर्यंतचा हा सव्वा तास कोठे गेला?

पत्नीच्या संदेशाच्या वेळी विनिमय-केंद्राने फोनला पुकारले. उत्तर आले नाही. तेव्हा ‘सापडत नाही’ ही खूण झाली आणि पत्नीच्या कंपनीच्या केंद्राचा पत्ता यादीत गेला. त्यानंतर बँकेचा संदेश आला तेव्हा मुख्य नोंदवहीने खूण पाहून केंद्राला परस्परच सांगितले की ग्राहक सापडत नाही. फोनला पुकारण्याची तसदी कोणी घेतली नाही. भावाच्या संदेशाचेही तेच झाले. पत्नीच्या संदेशाचे केंद्र आपल्या ठरीव वेळापत्रकाप्रमाणे पाच मिनिटांनी, मग आणखी पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करते असे समजू. हे दोन्ही प्रयत्न नोंदवहीच्या दारातूनच परत फिरले. येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. संदेशावर तातडीची खूण असेल तर नोंदवही ‘सापडत नाही’ असे लिहिलेले असूनही पत्ता देते आणि फोनला नव्याने पुकारले जाते. ही खूण कोणत्या संदेशांवर घालावयाची हे कंपनी ठरविते. आपल्या उदाहरणातील संदेशांवर ती नव्हती असे धरले आहे.

आता गृहस्थ तळघरातून वर आले. फोनला मनोऱ्याचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला, पडद्यावर लहरींच्या दांड्या उमटल्या. परंतु फोन स्वतः काही बोलला नाही, आणि सगळी गोम येथेच आहे. मोबाइल जाळ्यात फोनने प्रत्येक मनोऱ्यागणिक ‘मी येथे आहे’ असे सांगावयाचे नसते. तसे केले तर बॅटरी आणि लहरी या दोहोंचाही अपव्यय होईल. म्हणून पुष्कळ मनोऱ्यांचा मिळून एक विभाग केलेला असतो; अशा एका विभागात कित्येक वसाहती येऊ शकतात. विभाग बदलला तरच फोनने नोंद करावयाची, एरवी स्वस्थ ऐकत राहावयाचे, असा नियम आहे. गृहस्थ ज्या विभागातून तळघरात उतरले त्याच विभागात वर आले. फोनच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते. तो कानोसा घेत होता, परंतु त्याला पुकारणारे कोणी नव्हते. आणि नोंदवही तो हरवला आहे असे समजून त्याच्या बोलण्याची वाट पाहत होती.

असा मौनाचा तिढा कायमचा राहू नये म्हणून आणखी एक योजना आहे. विभाग बदलला नाही तरी ठरावीक काळाने फोनने हजेरी द्यावी लागते. जुन्या दुसऱ्या पिढीच्या जाळ्यात हा काळ सहा मिनिटांच्या पटीत ठरविलेला असतो आणि तो जास्तीत जास्त साडेपंचवीस तास असू शकतो. चौथ्या पिढीच्या जाळ्यात ५४ मिनिटे हा नेहमीच्या वापरातला आकडा आहे. आपल्या गृहस्थांच्या जाळ्यात तो तीन तास आहे व फोनने शेवटची हजेरी नऊ चाळीसला दिली होती असे धरले, तर पुढील हजेरी बारा चाळीसला व्हावयाची. तत्पूर्वी बारा पाचला त्यांनी घरी फोन लावला. फोन लावताच यंत्र विनिमय-केंद्राशी बोलले. विनिमय-केंद्राने मुख्य नोंदवहीला कळविले, तिने खूण पुसली आणि यादीतील तिन्ही केंद्रांना वर्दी धाडली. गृहस्थ अजून घरी बोलत असतानाच संदेश येऊ लागले. कारण लघुसंदेश संभाषणाच्या मार्गाने न जाता शेजारच्या नियंत्रक मार्गाने जातो, त्यामुळे संभाषणाचा त्याला अडथळा होत नाही. बँकेचा अंक दहा मिनिटांपुरताच चालणारा होता. तो हाती आला तेव्हा निरुपयोगी ठरून दीड तास लोटला होता.

‘फोन लावला की अडकलेले संदेश सुटतात’, ‘विमान-स्थिती लावून काढली की संदेश येतात’, हे लोकांत रूढ असलेले तोडगे यावरून कळतील. ते अंधश्रद्धा नव्हेत. दोहोंमुळे फोनला तोंड उघडावे लागते, एवढेच. इंटरनेट चालू असलेला स्मार्टफोन मात्र कोणत्या ना कोणत्या कारणाने दर काही मिनिटांनी जाळ्याशी बोलतच असतो. म्हणून हा तिढा त्याच्या बाबतीत फार वेळ टिकत नाही. साधे फोन आणि इंटरनेट बंद ठेवलेले फोन यांनाच त्याचा उपद्रव विशेष होतो. फोन बंद करून पुन्हा चालू केला असता हा प्रश्न उद्भवत नाही, कारण चालू होताच तो प्रथम नोंदच करतो. रात्रभर बंद ठेवलेल्या फोनवर सकाळी संदेशांचा वर्षाव होतो तो यामुळेच. त्यातूनही एखादा संदेश मागे राहतो व तासाभराने येतो. यादीत जागा मर्यादित असते. ती भरली असेल किंवा वर्दी वाटेत गहाळ झाली असेल, तर त्या केंद्राला आपल्या पुढच्या ठरीव प्रयत्नाच्या वेळेपर्यंत काहीच कळत नाही.

फोन सापडला, त्याने उत्तरही दिले, आणि तरीही संदेश परत गेला, असेही होऊ शकते. फोनमध्ये संदेश ठेवावयास जागा उरली नाही म्हणजे तो पोच देण्याऐवजी ‘जागा नाही’ असे उत्तर देतो. मुख्य नोंदवहीत यासाठी वेगळी खूण असते. जुन्या सिमकार्डावर साधारणपणे दहा ते पन्नास संदेश मावत. साध्या फोनची पेटी याहून मोठी असली तरी तिला मर्यादा असते; आणि स्मार्टफोनवर छायाचित्रे व चित्रफिती साठून सगळी साठवण भरत आली की अँड्रॉइड प्रणालीही नवा लघुसंदेश याच कारणाने नाकारते. या दुखण्याचे लक्षण ओळखणे सोपे आहे. फोन लागतात, येतात, संदेश बाहेर जातात, फक्त आत काही येत नाही. जुने संदेश पुसून जागा केली की फोन आपण होऊन ‘आता जागा आहे’ असे कळवितो, नोंदवही खूण पुसते, आणि पूर्वीप्रमाणेच यादीतील केंद्रांना वर्दी जाते. फोन चालू-बंद न करता, केवळ दहा-वीस संदेश पुसताच अर्ध्या मिनिटात लोंढा आला, तर पेटी भरली होती याविषयी शंका उरत नाही.

पेटी भरण्याचा हा प्रश्न मराठी वाचकांना इंग्रजीत लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर भेडसावतो. एका लघुसंदेशात १४० अष्टके, म्हणजे संगणकीय मापाचे १४० घटक मावतात. इंग्रजी अक्षरे दाबून बसविता येतात, म्हणून ती १६० मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन अष्टके लागतात, म्हणून ती ७० च मावतात. आणि येथे चिन्ह म्हणजे आपण उच्चारतो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी आणि जोडाक्षरातील हलन्त ही सर्व स्वतंत्र मोजली जातात. ‘लक्ष्मीबाई नगर’ हे दोन शब्द उच्चारात सात अक्षरांचे असले, तरी मधल्या मोकळ्या जागेसह ती १४ चिन्हे होतात. एकट्या ‘क्ष्मी’ची सहा. संदेश ७० चिन्हांपलीकडे गेला की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर अनुक्रम लिहावा लागत असल्याने तुकड्यात ६७ चिन्हेच राहतात. नागपूरच्या भावाचे पत्र १५० चिन्हांचे असेल तर ते तीन तुकड्यांत निघाले. जाळ्याच्या दृष्टीने हे तीन स्वतंत्र संदेश आहेत. पेटीत दोनच जागा असतील तर दोन तुकडे आत येतात, तिसरा परत जातो. फोन तिन्ही तुकडे जुळल्याखेरीज काही दाखवीत नाही. अशा वेळी संदेशाचा दोन-तृतीयांश भाग खिशात असतो, पेटीतील जागाही त्याने व्यापलेली असते, आणि घेणाऱ्याला मात्र काहीच आलेले दिसत नाही.

वीज-बचतीवर उशिराचे खापर वारंवार फोडले जाते. तो आरोप निम्माच खरा आहे. फोनचा जो भाग मनोऱ्याशी बोलतो तो सतत जागा नसतो हे खरे. तो थोडा वेळ झोपतो आणि आपल्याला कोणी पुकारते आहे काय हे पाहण्यापुरता जागा होतो. परंतु ही झोप सामान्य फोनमध्ये सेकंद-दोन सेकंदांची असते, १.२८ सेकंद हा एक नेहमीचा आकडा आहे. मनोऱ्यालाही तिची वेळ ठाऊक असते व तो त्याच क्षणी पुकारतो. या झोपेमुळे लघुसंदेश तासभर उशिरा येऊ शकत नाही. जे उशिरा येतात ते इंटरनेटवरून येणारे निरोप. अँड्रॉइड प्रणालीच्या २०१५ मधील सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’, म्हणजे डुलकी, नावाची योजना आली. फोन टेबलावर निश्चल पडून असेल आणि पडदा बंद असेल, तर निरनिराळ्या अनुप्रयोगांना इंटरनेट वापरण्याची मुभा मधूनमधून थोडा वेळच मिळते, आणि या सवलतीच्या वेळा उत्तरोत्तर लांबत जातात. तातडीचे म्हणून धाडलेले निरोप ही डुलकी मोडू शकतात. इतर निरोप पुढच्या वेळेची वाट पाहतात व एकदम येतात. आज एकाच पेटीत, एकाच रूपात, लघुसंदेशही दिसतात आणि इंटरनेटवरून आलेल्या गप्पाही दिसतात. त्यामुळे उशीर झाला म्हणजे प्रथम तो निरोप कोणत्या वाटेने आला हे पाहावे लागते. इंटरनेट बंद ठेवल्याने जो अडला तो लघुसंदेश नव्हता, हे निश्चित.

उशीर वाटेत कोठे झाला हे ताडण्याचे एक साधन प्रत्येक लघुसंदेशाबरोबरच येते. संदेश-केंद्र संदेश हाती घेताना त्यावर आपल्या घड्याळाचा शिक्का मारते. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, आणि सातवा आकडा कालविभागाचा असे त्याचे सात भाग असतात. कालविभाग पाव तासांत मोजतात. भारतासाठी तो आकडा २२ असतो. संदेशाचा तपशील उघडला असता पुष्कळ फोनांवर ‘पाठविला’ आणि ‘मिळाला’ अशा दोन वेळा दिसतात. पहिली वेळ हा शिक्का होय, दुसरी फोनच्या स्वतःच्या घड्याळाची. लक्ष्मीबाई नगरच्या गृहस्थांनी पत्नीच्या संदेशाचा तपशील पाहिला असता तर ‘पाठविला’ दहा दहा, ‘मिळाला’ बारा पाच असे दिसले असते. याचा अर्थ संदेश केंद्रात वेळेवर आला, आणि पुढचा विलंब केंद्र व फोन यांच्या दरम्यान झाला. याउलट दोन्ही वेळा जुळत असतील आणि धाडणारा मात्र ‘मी दोन तासांपूर्वी धाडला’ असे सांगत असेल, तर संदेश केंद्रात पोहोचण्यापूर्वीच अडकला होता. तेथे घेणाऱ्याने आपला फोन कितीही हलविला तरी उपयोग नाही.

केंद्र आणि फोन यांच्याखेरीज मध्यस्थांकडेही संदेश अडकतात. अमेरिकेत १४ फेब्रुवारी २०१९ रोजी सिनिव्हर्स या मध्यस्थ कंपनीचे एक यंत्र बंद पडले आणि त्यातील १,६८,१४९ संदेश रांगेतच राहिले. ७ नोव्हेंबर २०१९ रोजी ते यंत्र पुन्हा चालू करताच सारे संदेश वाटले गेले. नऊ महिन्यांनी रात्री-अपरात्री आलेल्या त्या मजकुरांचा लोकांना अर्थच लागेना. संदेश धाडणारी व्यक्ती मधल्या काळात मरण पावली होती, अशाही घटना प्रसिद्ध झाल्या.

भारतातील ठळक घटना याहून वेगळ्या जातीची आहे, आणि ती दिल्लीत घेतलेल्या निर्णयातून उद्भवली. व्यापारी संदेशांच्या नावाखाली चालणारी फसवणूक थांबावी म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये नियम केले. बँका, दुकाने इत्यादींनी आपले प्रेषक-नाव व संदेशाचा नमुना आधी नोंदवावा, आणि कंपनीने प्रत्येक संदेश त्या नमुन्याशी ताडून पाहावा, असे त्यात होते. ही ताडणी ८ मार्च २०२१ रोजी अमलात आली. पुष्कळांनी आपले नमुने नोंदविलेले नव्हते, कित्येकांचे जुळत नव्हते. त्यामुळे बँकांचे सांकेतिक अंक देशभर अडले व व्यवहार खोळंबले. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाने ही ताडणी सात दिवसांपुरती स्थगित केली. त्या दिवशीही लोकांनी फोन बंद करून चालू केले, जुने संदेश पुसले, विमान-स्थिती लावली. त्यातील कशाचाही गुण येणे शक्य नव्हते. कारण ताडणीत नापास झालेला संदेश वाट पाहत राहत नाही, तो टाकून दिला जातो. कोणत्याही यादीत त्याचे नाव नव्हते.

वाट पाहणाऱ्या संदेशाचीही एक मुदत असते. धाडतेवेळी ती संदेशाबरोबर लिहिता येते; किमान ५ मिनिटे व कमाल ६३ आठवडे लिहिण्याची सोय आहे, परंतु कंपन्या आपल्या केंद्रात याहून पुष्कळ कमी, काही दिवसांची, मर्यादा ठेवतात. मुदत संपली की केंद्र संदेश पुसून टाकते. दहा मिनिटे चालणाऱ्या अंकाच्या संदेशावर बँकेने दहाच मिनिटांची मुदत घातली, तर बारा पाचला गृहस्थांना पत्नीचा आणि भावाचा असे दोनच संदेश मिळतील, आणि तिसरा कधी निघाला होता हे त्यांना कळणारही नाही.